धागा: दरमहा येणाऱ्या फाइलचे रकाने आणि तारखेची पद्धत पुरवठादाराला कळवणारे ईमेल – मसुदा तपासून हवा आहे

नोंदवही

मालवाहतूक करणाऱ्या एका पुरवठादाराकडून आम्हाला दर महिन्याला पाठवण्यांची यादी एक्सेल फाइलमध्ये मिळते आणि ती आमच्या प्रणालीत भरण्याचे काम माझ्याकडे आहे. एप्रिल २०२४ची फाइल ६ मे रोजी आली. तिच्यात ६४० ओळी होत्या, पण भरणा झाल्यावर एप्रिलच्या अहवालात ४१९च ओळी दिसल्या. उरलेल्या २२१ ओळी शोधल्यावर काही जानेवारीत, काही मार्चमध्ये, तर काही चक्क डिसेंबर २०२४मध्ये जाऊन बसलेल्या सापडल्या. पुरवठादाराला विचारले, तेव्हा "आमच्या पडद्यावर सगळ्या तारखा बरोबर दिसतात" असे उत्तर आले, आणि त्यांनी पाठवलेल्या चित्रात त्या खरोखरच बरोबर दिसत होत्या.

पुढच्या महिन्यापासून हे होऊ नये म्हणून मी त्यांना पुढील ईमेल पाठवणार आहे. त्यात काय कमी आहे ते कृपया सांगावे.

> महोदय,
> आपल्या मासिक फाइलमधील तारखा चुकीच्या स्वरूपात येत आहेत. यापुढे सर्व तारखा DD/MM/YYYY या स्वरूपातच पाठवाव्यात आणि रकान्यांचा क्रम बदलू नये, ही विनंती.

---

उंबरठा

मसुदा ठीक आहे, परंतु DD/MM/YYYYऐवजी YYYY-MM-DD मागावे, कारण त्यात दिवस आणि महिना यांची गल्लत होत नाही. पुरवठादाराला एवढेच सांगा की तारखेचा संपूर्ण रकाना निवडून फॉरमॅट सेल्समध्ये जावे, तेथे `yyyy-mm-dd` लिहावे आणि फाइल जतन करावी. दोन मिनिटांचे काम आहे आणि ईमेलही दोन ओळींचे राहील.

---

रकानाकार

उंबरठा यांनी सुचवलेली पद्धत योग्य आहे, पण उपाय योग्य नाही, आणि हा फरक नीट समजल्याशिवाय ईमेल लिहिले तर जूनमध्ये हाच धागा पुन्हा वर येईल.

नोंदवही, तुमच्या २२१ ओळी कोणकोणत्या तारखांवर पडल्या आहेत ते एकदा पाहाल का? माझा अंदाज असा की त्या ४ जानेवारी, ४ फेब्रुवारी, ४ मार्च, ४ मे आणि तशाच पुढे ४ डिसेंबरपर्यंत, म्हणजे प्रत्येक महिन्याच्या चार तारखेवरच असतील.

---

नोंदवही

अगदी तसेच आहे. अकरा महिन्यांच्या चार तारखा आहेत आणि दुसरी एकही नाही. हे तुम्हाला फाइल न पाहता कसे कळले?

---

रकानाकार

एप्रिल हा चौथा महिना आहे म्हणून. पुरवठादाराच्या मूळ सॉफ्टवेअरमधून तारीख `01/04/2024` अशी, म्हणजे दिवस आधी आणि महिना नंतर, बाहेर पडते. ती यादी ज्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडली गेली, त्याची प्रादेशिक मांडणी महिना आधी मानणारी आहे. त्यामुळे एक्सेलने १ एप्रिलला ४ जानेवारी समजून घेतले, २ एप्रिलला ४ फेब्रुवारी, आणि असे करत १२ एप्रिलला ४ डिसेंबर. मधली ४ एप्रिल तेवढी उलटी वाचली तरी ४ एप्रिलच राहिली आणि निव्वळ योगायोगाने वाचली. एकूण बारापैकी अकरा दिवस चुकले, आणि तुमच्या २२१ ओळी म्हणजे त्या अकरा दिवसांच्या पाठवण्या.

तेरा तारखेपासून गोष्ट वेगळी होते. तेरावा महिना नसल्यामुळे `13/04/2024` ही एक्सेलला तारीख म्हणून वाचताच येत नाही, म्हणून ते तिला साधा मजकूर म्हणून तसेच सोडते. तुमच्या प्रणालीने तो मजकूर दिवस आधी धरून वाचला आणि १३ ते ३० एप्रिल बिनचूक भरले गेले. एकाच रकान्यात अशा दोन जातींच्या नोंदी बसलेल्या असतात आणि त्या संगणकाच्या पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात, त्यामुळे पुरवठादार तुम्हाला खोटे सांगत नव्हता. नीट पाहिले तर एक खूण मात्र सापडते. वेगळी मांडणी केलेली नसेल, तर एक्सेल खऱ्या तारखा उजवीकडे सरकवते आणि मजकूर डावीकडे ठेवते. खात्रीसाठी शेजारच्या रकान्यात `=ISTEXT(B2)` लिहून खाली ओढावे. एकाच रकान्यात TRUE आणि FALSE दोन्ही आले, तर फाइल या वाटेने गेली आहे असे समजावे.

आता उंबरठा यांच्या उपायाकडे येतो. सेलचे फॉरमॅट बदलल्याने आत साठवलेली किंमत बदलत नाही, फक्त तिचा पोशाख बदलतो. एक्सेल तारीख एका अंकाच्या रूपात ठेवते आणि ४ जानेवारी २०२४साठी तो अंक ४५२९५ आहे. त्याला `yyyy-mm-dd`चा पोशाख चढवला की `2024-01-04` दिसेल, म्हणजे चुकीची तारीख अधिक अधिकृत दिसू लागेल. तेरा तारखेपासूनच्या मजकुरावर तर फॉरमॅटचा काहीच परिणाम होणार नाही.

---

उंबरठा

मान्य. फॉरमॅट बदलल्यावर निम्मे सेल बदलतात आणि निम्मे हट्टाने तसेच राहतात, हे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्याचा दोष आजवर एक्सेलच्या माथी मारत आलो आहे.

---

चौथा_मजला

माझ्या मते खरा प्रश्न मुदतीचा आहे. फाइल ६ तारखेला येते हेच मुळात उशिराचे आहे. ईमेलमध्ये "दर महिन्याच्या ३ तारखेपर्यंत" असे ठळक लिहावे आणि उशीर झाल्यास देयक रोखले जाईल असा इशारा द्यावा. आमच्याकडे एका पुरवठादाराला तसे कळवल्यापासून तो वेळेत पाठवतो.

---

नोंदवही

मुदतीबद्दल आमची तक्रार नाही, कारण ६ तारीख आम्हीच दिलेली आहे. चुकीची फाइल ३ तारखेला मिळाली तर ती चुकीचीच असेल, फक्त तीन दिवस आधी कळेल.

रकानाकार, हातात असलेली एप्रिलची फाइल दुरुस्त करता येईल का, की नवी मागवावी?

---

रकानाकार

पाठवल्याच्या तारखेपुरती करता येईल, कारण त्या रकान्यातील प्रत्येक तारीख एप्रिलचीच असली पाहिजे हे आपल्याला आधीच माहीत आहे. जी नोंद मजकूर आहे ती दिवस आधी धरून वाचायची आणि जी खरी तारीख झाली आहे तिचा दिवस व महिना यांची अदलाबदल करायची.

```
=IF(ISTEXT(B2),
  DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2)),
  DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)))
```

यानंतर सर्व ६४० ओळी एप्रिलमध्ये आल्या तर हा रकाना सुटला. पोहोचल्याच्या तारखेला मात्र हे सूत्र डोळे मिटून लावू नका. तो रकाना एप्रिल आणि मे दोन्हींत असू शकतो, आणि पुरवठादाराकडे कोणी काही तारखा फाइल उघडल्यानंतर हाताने भरल्या असतील, तर त्या नोंदी उलट्या झालेल्याच नसतील. `2024-05-04` अशी नोंद दिसली तर ती उलटी झालेली ५ एप्रिल आहे की हाताने लिहिलेली खरी ४ मे आहे, हे फाइलमधून कळण्याचा मार्ग नाही. ३ एप्रिलला निघालेला माल दोन दिवसांत पोहोचला असेल किंवा महिनाभर रखडला असेल, दोन्ही शक्य आहे. तेवढ्या ओळी पुरवठादाराकडूनच पुन्हा मागवाव्या लागतील.

---

पलीकडची_बाजू

मी अशा फाइली पाठवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसऱ्या बाजूचे थोडे सांगते. आमचे पाच ग्राहक आहेत आणि पाचांना पाच प्रकारची फाइल हवी असते. "तारीख योग्य स्वरूपात पाठवावी" असे ईमेल आले की ते वाचणारी व्यक्ती, म्हणजे बहुतेक वेळा मीच, आपल्याला समजेल तो अर्थ लावते. ईमेलमध्ये नियमांपेक्षा नमुना अधिक उपयोगी पडतो. दोन-तीन ओळी भरलेली खरी फाइल सोबत जोडली असेल तर मी माझी फाइल तिच्या शेजारी ठेवून पाहते, आणि निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. आमच्या सॉफ्टवेअरमधून तारीख `01-Apr-2024` अशीच बाहेर पडते आणि ती मांडणी बदलण्याची सोय आम्हाला दिलेली नाही. महिन्याचे नाव अक्षरांत असल्यामुळे दिवस-महिन्याची गल्लत होण्याचा प्रश्नच येत नाही, मग ग्राहकांनी ती का स्वीकारू नये?

---

रकानाकार

माणसासाठी ती तारीख निःसंदिग्ध आहे हे खरे. पण महिन्याचे नाव कोणत्या भाषेत छापायचे हे संगणकाच्या मांडणीवर ठरते आणि वाचणाऱ्या प्रणालीची भाषा वेगळी असली तर ती अडते. `2024-04-01`मध्ये अक्षरेच नाहीत, आणि मजकूर म्हणून क्रम लावला तरी तो कालक्रमानेच लागतो. ही मांडणी आयएसओ ८६०१ या मानकातील आहे आणि ते मानक १९८८पासून अस्तित्वात आहे, तेव्हा ती मागताना कोणाला स्पष्टीकरण द्यावे लागू नये.

तरीही तुमच्यासारख्या पुरवठादाराला दुसरा मार्गच नसेल तर मी `01-Apr-2024` लेखी ठरवून स्वीकारीन. अट एकच, की ती दर महिन्याला आणि प्रत्येक ओळीत तीच असली पाहिजे.

---

उंबरठा

मला हे पटत नाही. एकदा अपवाद केला की दुसरा पुरवठादार तिसरी पद्धत मागतो आणि भरणा करणाऱ्या प्रणालीत प्रत्येकासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. मी तरी एकच पद्धत मागेन.

---

रकानाकार

पुरवठादार किती आहेत आणि त्यांच्यावर तुमचे वजन किती चालते, यावर ते अवलंबून आहे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी चालेल.

त्याहून अधिक निसरडी जागा वेगळीच आहे. पुरवठादाराने `2024-04-01` अशा तारखांची अगदी शुद्ध सीएसव्ही फाइल तयार केली, मग पाठवण्यापूर्वी "एकदा पाहून घेऊ" म्हणून ती दुहेरी क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली आणि बंद करताना जतन केली, तर एक्सेल त्या तारखा त्या संगणकाच्या मांडणीत पुन्हा लिहून टाकते. त्याच झटक्यात `00417` या वस्तू-क्रमांकाचा `417` होतो. म्हणजे फाइल तपासणाऱ्या काळजीवाहू माणसाकडूनच ती बिघडते. म्हणून ईमेलमध्ये "फाइल तपासायची असल्यास नोटपॅडमध्ये उघडावी, एक्सेलमध्ये उघडल्यास जतन करू नये" हे वाक्य मी नेहमी घालतो. माझ्या अनुभवात या एका वाक्याने वाचवलेला वेळ बाकीच्या सगळ्या नियमांपेक्षा जास्त आहे.

---

नोंदवही

आमच्या वस्तू-क्रमांकांची सुरुवातीची शून्येही अधूनमधून गळतात आणि आम्ही ती हाताने जोडत होतो. त्याचे मूळ हेच, हे आता ध्यानात आले.

रकान्यांबद्दल आणखी एक विचारायचे आहे. मार्चमध्ये त्यांनी नगसंख्येच्या आधी "शेरा" नावाचा रकाना घातला होता आणि आमच्या प्रणालीने नगसंख्या रकमेच्या जागी वाचली. नावे ठरवून द्यावीत, क्रम ठरवून द्यावा, की दोन्ही?

---

रकानाकार

दोन्ही. तुमची प्रणाली जागेवरून वाचते हे मार्चमधील प्रकारावरून स्पष्ट आहे, म्हणून क्रम हवाच. नावे यासाठी हवीत, की भरण्यापूर्वी पहिली ओळ अक्षर न् अक्षर जुळते का हे तपासता येते आणि जुळली नाही तर फाइल तिथेच थांबवता येते. रकान्याचा अर्थही एका वाक्यात लिहा, कारण "रक्कम" म्हणजे करासह की कराविना हे नावावरून कळत नाही. शेरा पाठवायचाच असेल तर शेवटच्या रकान्यानंतरही नको, वेगळ्या फाइलमध्ये पाठवू दे.

रिकाम्या जागेबद्दलही लिहा. माल अजून पोहोचलेला नसेल तर पोहोचल्याच्या तारखेत काय यावे, हे न सांगितल्यास कोणी आडवी रेघ घालते, कोणी "एनए" लिहिते, आणि कोणी दुसऱ्या पानावरील रिकाम्या सेलचा संदर्भ देते. तेव्हा एक्सेल तिथे शून्य धरते आणि तारखेच्या पोशाखात ते `1900-01-00` असे दिसते. अशी तारीख दिसली की ती कुठून आली हे ओळखता यावे म्हणून सांगितले.

---

पलीकडची_बाजू

ईमेलमध्ये ओळींची संख्याही मागवा. आम्ही एका ग्राहकाला ती दर महिन्याला लिहून पाठवतो.

---

नोंदवही

संख्या जुळवून ही चूक सापडली नसती, असे मला वाटते. फाइलमध्ये ६४० ओळी होत्या आणि त्यांनी पाठवलेल्याही ६४०च होत्या.

---

रकानाकार

बरोबर, फाइलमधील ओळी मोजून काहीच कळले नसते. संख्या जुळवायची ती भरणा झाल्यानंतर, एप्रिलच्या अहवालात दिसणाऱ्या ओळींशी. त्याहून स्वस्त तपासणी अशी, की पुरवठादाराने ईमेलच्या मजकुरात सर्वांत आधीची आणि सर्वांत शेवटची पाठवल्याची तारीख लिहावी आणि तुम्ही भरण्यानंतरच्या त्याच दोन तारखा पाहाव्यात. ४ जानेवारी ते ४ डिसेंबर असे दिसल्यावर कोणाचीही झोप उडाली असती. रकमेची बेरीजही मागवा. मार्चमधील रकान्यांची सरमिसळ तिने पकडली असती.

---

नोंदवही

सर्वांच्या सूचना घेऊन नवा मसुदा लिहिला आहे. दोन ओळींचे ईमेल बरेच वाढले आहे.

> विषय: मासिक पाठवणी फाइल – रकाने व तारखेची पद्धत (मे २०२४च्या फाइलपासून)
>
> महोदय,
>
> एप्रिलच्या फाइलमध्ये १ ते १२ तारखांपैकी ४ तारीख वगळता सर्व तारखांचे दिवस आणि महिने उलटे साठवले गेले होते. आपल्या पडद्यावर त्या बरोबर दिसत असल्या तरी एक्सेल फाइलमध्ये ४ जानेवारी, ४ फेब्रुवारी अशा नोंदी आहेत. हे टाळण्यासाठी मे महिन्यापासून एक्सेल फाइलऐवजी यूटीएफ-८ मधील सीएसव्ही फाइल पाठवावी, ही विनंती. फाइलचे नाव `dispatch_2024-05.csv` असे असावे.
>
> पहिली ओळ आणि रकान्यांचा क्रम खालीलप्रमाणे तंतोतंत असावा.
>
> ```
> shipment_id,dispatch_date,delivery_date,item_code,quantity,amount
> S10482,2024-05-03,2024-05-06,00417,12,1840.50
> S10483,2024-05-31,,02260,4,96.00
> ```
>
> दोन्ही तारखा वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, चार-दोन-दोन अंकांत आणि मध्ये आडवी रेघ देऊन लिहाव्यात. सोबत वेळ लिहू नये. माल पोहोचला नसल्यास `delivery_date` पूर्ण रिकामे ठेवावे, जसे दुसऱ्या नमुना ओळीत आहे. `item_code` नेहमी पाच अंकी असून सुरुवातीची शून्ये राखावीत. `amount` ही करासहित रक्कम असून तिच्यात दशांशानंतर दोन अंक असावेत, हजारांसाठी स्वल्पविराम नसावा. बेरजेची ओळ, रिकामी ओळ किंवा अधिक रकाना घालू नये. नवीन रकाना आवश्यक वाटल्यास आधी कळवावे.
>
> फाइल आपल्या सॉफ्टवेअरमधून थेट काढावी. तपासायची असल्यास नोटपॅडमध्ये उघडावी. एक्सेलमध्ये उघडल्यास जतन करू नये.
>
> फाइलसोबतच्या ईमेलमध्ये एकूण ओळी, सर्वांत आधीची व सर्वांत शेवटची `dispatch_date` आणि `amount`ची बेरीज लिहावी. नमुना फाइल सोबत जोडली आहे. मेची फाइल पाठवण्यापूर्वी दहा ओळींची एक चाचणी फाइल २४ मेपर्यंत पाठवल्यास आम्ही ती भरून पाहू आणि दुसऱ्या दिवशी कळवू.

---

पलीकडची_बाजू

हे ईमेल मला आले असते तर मी एकही प्रश्न न विचारता काम सुरू केले असते. एकच सुचवते, चाचणीच्या दहा ओळींत बारा तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही तारखा असाव्यात असे लिहा. आम्ही सहसा यादीच्या तळाच्या दहा ओळी उचलून पाठवतो, आणि त्यांत तेरा तारखेनंतरच्याच तारखा असतील तर तुमची चाचणी चुकूनही नापास होणार नाही.

---

रकानाकार

उत्तम सूचना, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. रिकाम्या `delivery_date`ची एक ओळ आणि शून्याने सुरू होणारा एक वस्तू-क्रमांकही चाचणीत मागवावा.

मसुद्यात एक गोष्ट राहिली आहे. मे महिन्यात निघालेली पाठवणी जूनमध्ये पोहोचली, तर तिची पोहोचल्याची तारीख तुम्हाला कशी कळणार? जूनच्या फाइलमध्ये ती ओळ पुन्हा यायची, की मेची पूर्ण फाइल पुन्हा पाठवायची?

---

नोंदवही

सध्या ते फोनवर सांगतात आणि आम्ही हाताने भरतो. जूनच्या फाइलमध्ये जुनी ओळ पुन्हा आली तर `dispatch_date` मेची असेल, मग आधीची आणि शेवटची तारीख पाहण्याची तपासणी निकामी होईल.

---

उंबरठा

मेची संपूर्ण फाइल त्याच नावाने पुन्हा मागवावी आणि जुन्या सर्व ओळी काढून नव्या भराव्यात. नुसत्या दुरुस्त ओळी मागवल्या की कोणती ओळ ताजी, हे काही महिन्यांनी कोणालाच सांगता येत नाही.

---

पलीकडची_बाजू

आमच्यासाठी ते जड आहे, कारण मागच्या महिन्याची फाइल पुन्हा काढली की मधल्या काळात रद्द झालेल्या पाठवण्या तिच्यातून गायब होतात आणि तुमची बेरीज आधीच्या बेरजेशी जुळत नाही. पोहोचलेल्या मालाची वेगळी फाइल, फक्त `shipment_id` आणि `delivery_date` असे दोन रकाने असलेली, आम्ही सहज देऊ शकतो.

---

नोंदवही

दोन रकान्यांची वेगळी फाइल मला अधिक सोपी वाटते, पण रद्द झालेल्या पाठवण्या आमच्याकडे आजवर कधीच कळवल्या गेलेल्या नाहीत हे यावरून लक्षात आले. ते पुरवठादाराला आधी विचारते. तोपर्यंत चाचणीच्या ओळींची सूचना घालून वरचे ईमेल आज पाठवत आहे.